प्रबंध स्वतः लिहिला, तरी 'एआय' कसा निघाला? चूक कुठल्या पायरीवर झाली ते शोधण्याची रीत

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी बसून मी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी प्रबंधांची भाषा तपासते. पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असत: काळ चुकले, 'द' कुठे लावायचा कळत नाही, संदर्भसूची विस्कटली. गेल्या काही वर्षांत त्यात एका तक्रारीची भर पडली आहे आणि परीक्षेच्या हंगामात ती पुन्हापुन्हा येते. "काकू, सगळं मी लिहिलंय. फक्त ग्रामर चेकरमधून काढलं. आता कॉलेज म्हणतंय हे एआयनं लिहिलंय."

अशी मुलं रडवेली होऊन येतात. त्यांतली बहुतेक खरं बोलत असतात, हे मी त्यांच्या वह्या पाहून सांगते. पण खरं बोलणं आणि तक्रार सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा कशाने चढला हे दाखवता आलं नाही, तर मार्गदर्शकांसमोर नुसत्या शपथा उरतात. म्हणून कारण कसं शोधायचं ते एका प्रत्यक्ष प्रकरणावरून सांगते.

ही मुलगी भूगोलाची. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पाणी कोणत्या गल्लीत कधी शिरलं आणि किती वेळ थांबलं, यावर तिचा प्रबंध होता. तिने घरोघरी जाऊन नोंदी घेतल्या, बहुतेक गुजरातीत आणि काही मराठीत. मग इंग्रजीत प्रकरण लिहिलं आणि शेवटच्या आठवड्यात ते एका ऑनलाइन साधनातून काढलं. ते साधन आधी शुद्धलेखन दाखवायचं आणि नंतर शेजारी 'वाक्य सुधारा' असं बटण द्यायचं. तिने दोन्ही केलं. प्रकरण कॉलेजात गेलं आणि 64 टक्के एआय असा अहवाल परत आला.

सगळ्यात आधी तिला त्या आकड्याचा अर्थ नीट सांगावा लागला. बरेच जण हा टक्का यूजीसीच्या 2018 च्या नियमांतल्या साम्याच्या टक्क्यात मिसळतात. तिथे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानून दंड होत नाही. ते साम्य म्हणजे दुसऱ्या छापील किंवा ऑनलाइन मजकुराशी जुळणारा भाग. एआय टक्क्याचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे कुठलाही मूळ मजकूर सापडलेला नसतो, फक्त लिहिण्याच्या धाटणीवरून केलेला अंदाज असतो. कॉलेजं वापरतात त्या टर्निटिनसारख्या तपासणी-साधनाच्या अहवालात 64 चा अर्थ 'यंत्राने लिहिलं याची 64 टक्के खात्री' असाही नसतो. तपासण्याजोग्या मजकुरापैकी 64 टक्के भाग यंत्राचा वाटतो, एवढाच तो अर्थ. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: कुठला भाग? अहवालातला रंगवलेला मजकूर मिळाला तर तो मागून घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं होतं.

तिच्या अहवालात रंग दोन ठिकाणी दाट होता. एक, पद्धतीचा भाग. दोन, घरांच्या निरीक्षणांची पाच पानं. दुसऱ्या ठिकाणी मला आश्चर्य वाटलं, कारण त्या गल्ल्यांतली माणसं काय म्हणाली हे कुठल्याही यंत्राला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी तिला तिचा पहिला मसुदा आणायला सांगितला.

त्यात एक वाक्य होतं, ते देवनागरीत उतरवते: "वॉटर केम अप टू थर्ड स्टेप ऑफ ओटला, देन स्टॉप्ड फॉर टू अवर्स अँड अगेन स्टार्टेड." सादर केलेल्या प्रतीत त्याचं असं झालं होतं: "द वॉटर लेव्हल रोज सिग्निफिकंटली, पॉज्ड ब्रीफली, अँड सब्सिक्वेंटली कंटिन्यूड टू राइज."

दुसरं वाक्य शुद्ध आहे. पण त्यातून ओटला, म्हणजे घरापुढचा ओटा गेला, तिसरी पायरी गेली आणि दोन तास गेले. पुराच्या प्रबंधात मोजमाप म्हणून जे होतं नेमकं तेच गेलं. आकडा चढण्याचं कारणही याच जागी आहे. ते समजायला एआय ओळखणारी ही साधनं, म्हणजे डिटेक्टर, काय पाहतात ते थोडं खोलात बघावं लागेल.

भाषेचं मॉडेल आधीचे शब्द पाहून पुढचा शब्द कोणता येईल याची शक्यता मांडत असतं. 'द वॉटर लेव्हल' या शब्दांनंतर 'रोज' येण्याची शक्यता मोठी. 'थर्ड स्टेप ऑफ' नंतर 'ओटला' येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. अनेक डिटेक्टर, विशेषतः 2023 च्या सुमाराचे, मजकूर मॉडेलला किती अनपेक्षित वाटतो हे मोजत आले आहेत. या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. समजा चार शब्दांच्या तुकड्यात त्या शब्दांच्या शक्यता 0.2, 0.01, 0.1 आणि 0.05 अशा आहेत, आणि दुरुस्तीत फक्त दुसरा शब्द बदलून त्याची शक्यता 0.4 झाली. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हिशोब असाच चालतो:

```
(1 / (0.2 × 0.01 × 0.1 × 0.05))^(1/4) = 17.8
(1 / (0.2 × 0.4  × 0.1 × 0.05))^(1/4) = 7.1
```

चारपैकी तीन शब्द तिचेच आहेत, तरी माप 17.8 वरून 7.1 वर आलं. आणि प्रत्यक्षात एवढ्यावर थांबत नाही. एक शब्द ठरावीक झाला की त्याच्यानंतरचे शब्दही जास्त अपेक्षित वाटू लागतात.

आता वाक्य पुन्हा लिहून देणारं साधन काय करतं ते पाहा. तेही आतून भाषेचं मॉडेलच आहे. त्याला विद्यार्थिनीचा अर्थ ठाऊक नाही, ओटला कसा असतो ते ठाऊक नाही. तिचं वाक्य घेऊन ते आपल्या हिशोबात सर्वांत शक्य वाटणारं वाक्य देतं. शब्दांची निवड आणि क्रम खरोखरच यंत्राने केलेला असतो. त्यामुळे डिटेक्टरने तिथे रंग भरला तर त्या वाक्यापुरती ती चूकही म्हणता येत नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा त्या रंगावरून कुणी 'निरीक्षणं हिची नाहीत' असा निष्कर्ष काढतं.

2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडलेली डिटेक्टजीपीटी ही पद्धत मला हे समजावायला फार उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं असं: यंत्राने लिहिलेलं वाक्य शक्यतेच्या टेकडीच्या माथ्यावर असतं. त्यातला कुठलाही शब्द जरासा बदलला की शक्यता खालीच येते. माणसाचं वाक्य उतारावर कुठेतरी असतं, त्यातला शब्द बदलला तर शक्यता कधी खाली जाते, कधी वर. वाक्य सुधारणारं साधन म्हणजे उतारावरचं वाक्य उचलून माथ्यावर नेऊन ठेवणारा हमाल. कष्ट तुमचे, सामान तुमचं, पण ठेवलेली जागा यंत्राची.

हल्लीचे डिटेक्टर फक्त हा एक आकडा काढत नाहीत. माणसाचा आणि यंत्राचा भरपूर मजकूर दाखवून त्यांना शिकवलेलं असतं. पण एकसारख्या लांबीची वाक्यं, ठरलेले जोडशब्द, गुळगुळीत मांडणी अशा खुणा त्या शिक्षणातही येतात, आणि सुधारक नेमक्या त्याच खुणा निर्माण करतो. तिच्या मूळ उताऱ्यात सहा शब्दांचं वाक्य होतं, त्यापुढे बत्तीस शब्दांचं. सुधारलेल्या प्रतीत जवळजवळ सगळी वाक्यं पंधरा ते वीस शब्दांची झाली होती.

आणखी एक गोष्ट घडते ती विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. "काकू, परिच्छेदात मी तीनच वाक्यं बदलली, मग सगळा परिच्छेद का रंगला?" असं ते विचारतात. टर्निटिनने स्वतः सांगितलं आहे की मजकुराचे काही शे शब्दांचे, साधारण पाच ते दहा वाक्यांचे तुकडे केले जातात, ते एकमेकांवर चढलेले असतात, आणि प्रत्येक वाक्य आजूबाजूच्या संदर्भासह तपासलं जातं. म्हणजे आठांतली तीन वाक्यं माथ्यावर नेली की शेजारची, हातही न लावलेली वाक्यं त्यांच्याबरोबर ओढली जाऊ शकतात.

हे कळल्यावर आम्ही चाचणी केली. रीत सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. एकाच प्रकरणाच्या तीन प्रती वेगळ्या फाइलींत ठेवायच्या. पहिली, कुठलंही साधन लागण्याआधीची. दुसरी, त्याच प्रतीत फक्त स्पेलिंग, स्वल्पविराम, कर्ता-क्रियापदाचं वचन आणि 'द-अ' सुधारलेली. तिसरी, वाक्यं पुन्हा लिहून घेतलेली. पहिली प्रत हरवली असेल तर घाबरू नका. गूगल डॉक्समध्ये `File` मधून `Version history` आणि तिथून `See version history` उघडलं की तारीखवार जुनी रूपं दिसतात. वर्डमध्ये दोन प्रती हाताशी असतील तर `Review` मधल्या `Compare` ने शब्दाशब्दाचा फरक कागदावर येतो.

मग तिन्ही प्रतींतला तोच भाग एकाच डिटेक्टरमध्ये, एकाच दिवशी तपासायचा. दोन वेगळ्या डिटेक्टरांचे टक्के शेजारी ठेवू नका, त्यांची मापं वेगळी असतात. भाग पुरेसा लांब घ्या. टर्निटिनला निदान 300 शब्दांचा सलग गद्य मजकूर लागतो, आणि यादी किंवा तक्ते ते मोजत नाही. कॉलेजचं साधन विद्यार्थ्याच्या हाती बहुधा नसतं, त्यामुळे घरी मिळालेला टक्का कॉलेजच्या टक्क्याशी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याला तीन प्रतींतला फरक पाहायचा आहे.

तिच्या निरीक्षणांच्या भागात पहिल्या प्रतीला 6 टक्के आले, दुसरीला 9, तिसरीला 71. म्हणजे स्पेलिंग आणि स्वल्पविरामांनी फारसं काही केलं नव्हतं. उडी आली ती वाक्य-सुधारणीच्या पायरीवर. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक प्रकरणांत असंच दिसतं, आणि ते वरच्या हिशोबाशी जुळतंही. 'रिसीव्ह'चं स्पेलिंग बरोबर केल्याने शब्दाची निवड बदलत नाही. निवड बदलली की माप बदलतं. म्हणून 'ग्रामर चेकरने एआय टक्का वाढतो' हे सरसकट विधान मी करत नाही. एकाच खिडकीत दोन वेगळी यंत्रं बसलेली असतात, एक चूक दाखवणारं आणि एक वाक्य लिहिणारं. दोघांना एकच 'स्वीकारा' बटण असल्यामुळे आपल्या मुलांना त्यांतला फरक दिसत नाही.

पद्धतीचा भाग मात्र वेगळा निघाला. तिथे पहिल्याच प्रतीला 48 टक्के होते, म्हणजे साधन लागण्याआधीच. असं दिसलं तर सुधारकाला दोष देऊ नका. नमुना कसा निवडला, प्रश्नावली कशी भरली, हे लिहिताना सगळे विद्यार्थी तीच ठरलेली वाक्यं वापरतात, कारण मार्गदर्शकांनी तीच शिकवलेली असतात. अशी वाक्यं कुणीही लिहिली तरी मॉडेलला अपेक्षितच वाटणार.

आपल्याकडच्या मुलांना हा फटका जास्त बसतो, हेही मला सांगायचं आहे. शिक्षण मराठी किंवा गुजराती माध्यमात झालं की इंग्रजी शब्दसंग्रह मोजका राहतो, वाक्यरचना पाठ केलेल्या असतात. म्हणजे सुधारक लागण्याआधीच त्यांचं इंग्रजी मापात खाली असतं. स्टॅनफर्डच्याच एका गटाने 2023 मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांना सरासरी 61 टक्क्यांहून जास्त वेळा यंत्राचा शिक्का बसला. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांना तो क्वचितच बसला. त्या अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. त्यांनी टोफेलचे निबंध चॅटजीपीटीकडून भरजरी शब्दांत लिहून घेतले, तेव्हा शिक्के कमी झाले. अमेरिकी मुलांचे निबंध सोप्या शब्दांत उतरवले, तेव्हा शिक्के वाढले. म्हणजे यंत्राचा हात लागल्यावर निबंध जास्त 'मानवी' ठरले. ते जुने डिटेक्टर होते आणि आजची साधनं बदलली आहेत. पण कोणी लिहिलं हे मोजलं जात नसून किती अपेक्षित लिहिलं हे मोजलं जातं, हे त्यातून स्वच्छ दिसतं. सुधारक नेहमीच टक्का चढवेल असं नाही, हेही त्यातूनच कळतं. तो वाक्य कुठल्या दिशेला नेतो त्यावर ते ठरतं, आणि 'स्पष्ट करा', 'सोपं करा', 'औपचारिक करा' ही बटणं वाक्याला बहुधा ठरावीकपणाकडेच नेतात.

मराठीत विचार करून गूगल ट्रान्सलेटने इंग्रजी करणाऱ्यांचीही गत हीच. मजकूर तुमचा, पण इंग्रजी वाक्यातला प्रत्येक शब्द यंत्राने निवडलेला. अशा मुलांकडे पहिली इंग्रजी प्रत नसतेच. त्यांनी मूळ मराठी मसुदा जपून ठेवावा आणि भाषांतर यंत्राने केलं हे मार्गदर्शकांना आधीच सांगावं.

आता दुरुस्ती. सगळ्यात वाईट उपाय सगळ्यात आधी सुचतो: रंगलेला मजकूर आणखी एका साधनातून काढायचा, 'मानवी करून देतो' म्हणणाऱ्या साइटवर पैसे भरायचे, किंवा मुद्दाम चुका पेरायच्या. 2024 पासून टर्निटिन इंग्रजीसाठी साधनाने पॅराफ्रेज केलेला, म्हणजे वेगळ्या शब्दांत फिरवलेला मजकूर वेगळा दाखवतं. म्हणजे आधी जो फक्त धाटणीचा संशय होता, तो दुसऱ्या फेरीनंतर लपवाछपवीचा संशय होतो. शिवाय प्रत्येक फेरीत मजकुरातली आणखी एक तिसरी पायरी गळते. या वाटेने गेलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. त्यांचं प्रकरण सोडवणं फार कठीण जातं, कारण तोवर मूळ वाक्यं त्यांनाही आठवत नसतात.

आम्ही उलट गेलो. तिसरी प्रत बाजूला ठेवली आणि दुसरीपासून कामाला लागलो. ती मोठ्याने वाचत गेली. जिथे इंग्रजी अडखळत होतं तिथे मी फक्त एवढंच विचारलं, "इथे तुला काय म्हणायचंय, मराठीत सांग." ती सांगायची आणि मग स्वतःच इंग्रजीत लिहायची. ओटल्याचं वाक्य असं झालं: "द वॉटर रीच्ड द थर्ड स्टेप ऑफ द ओटला, स्टेड देअर फॉर टू अवर्स, अँड देन बिगॅन टू राइज अगेन." व्याकरण शुद्ध, तिसरी पायरी जागेवर. ओटला म्हणजे काय याची तळटीप तिने जोडली. पाच पानांना दोन संध्याकाळी लागल्या. साधनाने तेच काम काही मिनिटांत केलं होतं, म्हणून ती पहिल्या संध्याकाळी कंटाळली होती हेही खरं.

साधन पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्याने खूण केलेली जागा बघा, सुचवलेलं वाक्य स्वीकारू नका. चूक काय आहे ते समजून आपल्या हाताने दुरुस्त करा. स्पेलिंगच्या सूचना बिनधास्त घ्या. 'सगळं स्वीकारा' कधीच दाबू नका. आणि साधन लावण्याआधी तारीख घालून एक प्रत वेगळी ठेवा.

मार्गदर्शकांकडे जाताना ती तीन गोष्टी घेऊन गेली. पहिल्या आणि सादर केलेल्या प्रतीतला `Compare` चा छापील फरक, गूगल डॉक्समधला सात आठवड्यांचा इतिहास, आणि घरोघरच्या नोंदींची वही. सोबत अर्ध्या पानाचं पत्र होतं: कुठलं साधन वापरलं, कुठल्या भागाला, कुठल्या तारखेला, आणि त्याने काय बदललं. साधन वापरलंच नाही असं तिने म्हटलं नाही. तसं म्हणाली असती आणि नंतर ते उघड झालं असतं, तर वहीवरचाही विश्वास गेला असता. इतिहासात एकदम चिकटवलेला मोठा मजकूर दिसला तर तो प्रश्न येतोच. तिच्या इतिहासात शेवटच्या आठवड्यात तसा तो दिसत होताच, पण त्याच्या आधीचे सगळे आठवडे वाक्यावाक्याने वाढलेले दिसत होते.

सरांनी वही चाळली. एका घराच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "आजवा धरणाचं पाणी सोडल्याचं या आजींना कुणी सांगितलं?" तिने पानभर उत्तर दिलं, ते घर कुठल्या वळणावर आहे इथपासून. त्यानंतर सरांनी सुधारलेली प्रत पुन्हा द्यायला सांगितलं.

नव्या अहवालात निरीक्षणांच्या पानांवर रंग जवळजवळ उरला नाही. पद्धतीच्या भागात तो थोडा कमी झाला, पण राहिला. ती तिथलीही वाक्यं बदलायला बसली होती, मी थांबवलं. त्याऐवजी तिने एक परिच्छेद वाढवला: कोणती गल्ली का वगळली, कुणी दार उघडलं नाही, आणि पायऱ्यांची उंची फुटपट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये कशी घेतली. ठरलेली वाक्यं तशीच राहिली, त्यांच्यावरचा रंगही राहिला, आणि सरांनी समासात पेन्सिलीने 'पाहिले' असं लिहून सही केली.